कॉलेजबरोबरच्या करारात ‘समान मालकी’ एवढंच पुरत नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी फाउंड्री आहे. वापरलेली वाळू पुन्हा वापरता यावी म्हणून नवा बाइंडर शोधायला इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजशी करार करतोय. मसुद्यात ‘जे निघेल ते दोघांच्या समान मालकीचे’ एवढंच लिहिलंय. काम एम.टेक.चा विद्यार्थी करणार आणि सरांना पेपर छापायचाय. सही करू का?

उत्तर : या मसुद्यावर करू नका. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर पेटंट कायद्याचं कलम ५० लागू होतं. त्यानुसार प्रत्येक सहमालक स्वतःच्या फायद्यासाठी पेटंट वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही की आपला हिस्साही विकता येत नाही. म्हणजे तुम्ही तो बाइंडर वापरून कास्टिंग विकाल आणि कॉलेजला एक रुपयाही द्यावा लागणार नाही. कॉलेजची भट्टी नाही, त्यामुळे त्यांच्या हाती फक्त कागद उरेल. उलट उद्या गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीला तुम्हाला लायसन्स द्यायचं झालं, तर कॉलेजची सही लागेल. तेव्हा कास्टिंगच्या क्षेत्रात वापराचा आणि लायसन्स देण्याचा हक्क तुमचा, त्याबदल्यात कॉलेजला विक्रीवर ठरावीक रॉयल्टी आणि शिकवण्या-संशोधनासाठी मोफत वापर, असं स्पष्ट लिहून घ्या. पेटंटचा खर्च कोण करणार तेही लिहा. तुमचं आजचं वाळूचं मिश्रण ‘आधीपासूनचं’ म्हणून परिशिष्टात नोंदवा.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो विद्यार्थी. तो कॉलेजचा नोकर नाही, आणि ज्या करारावर त्याची सही नाही तो त्याला बांधत नाही. शोध ज्याच्या डोक्यातून निघाला, हक्क मुळात त्याचा. तो दुसऱ्याकडे जायला लेखी हस्तांतरण लागतं. नुसत्या चाचण्या घेणारा संशोधक ठरत नाही. पण ‘हार्डनर आधी घाला, बाइंडर नंतर’ हे तुमच्या फोरमननं सुचवलं आणि शोधाचं मर्म तेच निघालं, तर तोही सहसंशोधक. म्हणून प्रयोगवहीत तारीख, कल्पना कुणाची आणि दोन्ही बाजूंच्या सह्या दर आठवड्याला घ्या.

पेपर अडवू नका, फक्त क्रम पाळा. अर्जाआधी तपशील छापून आला तर नावीन्यच जातं. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण सर्रास प्रत्येक जर्नलला ती लागू नाही. त्यावर भिस्त ठेवू नका. कलम असं घाला : सरांनी मजकूर तीस दिवस आधी दाखवायचा आणि तुम्ही त्या मुदतीत तात्पुरता अर्ज दाखल करायचा. पूर्ण अर्जाला पुढे बारा महिने मिळतात. मात्र तात्पुरत्या अर्जात बाइंडरचं प्रमाण ‘दोन ते तीन टक्के’ लिहिलं आणि पेपरात चार टक्क्यांचे निकाल छापले, तर त्या चार टक्क्यांना जुन्या तारखेचं संरक्षण मिळणार नाही. छापायचं ते सगळं आधी अर्जात हवं.

लायब्ररीत ठेवलेला प्रबंधही प्रसिद्धीच समजा. त्यासाठीही हाच क्रम ठेवा, पण कमाल मुदत नव्वद दिवस लिहा, म्हणजे त्या मुलाची पदवी तुमच्या अर्जापायी लटकणार नाही. त्याच्या हस्तांतरणपत्रावर सही पहिल्या चाचणीआधी घ्या, आणि रॉयल्टीत त्याचा वाटा किती हे त्याच कागदावर लिहा.