गणपतीची आरास आणि घरातलं मांजर

"आमची मनी आठ महिन्यांची आहे आणि घरी गौरी-गणपती असतात. जरीच्या माळा, पत्री, लायटिंग यातलं काय ठेवू, काय टाळू?"

ताई, सगळ्यात आधी जरीच्या माळा आणि झिरमिळ्या काढा. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेली जर त्याला सहज थुंकता येत नाही, ती गिळली जाते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बोक्याने मखराच्या झालरीतली हातभर जर गिळली. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, खाणं थांबलं आणि तो पलंगाखालून बाहेर येईना. आम्हाला वाटलं, प्रसादातलं काही बाधलं. डॉक्टरांनी जीभ उचलून पाहिली, तर जरीचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलेलं आणि दुसरं आतड्यात. आतडं ती पुढे ढकलतं, वरचं टोक सुटत नाही, मग नाडी ओढल्यावर परकराचा नेफा चुणतो तसं आतडं गोळा होतं आणि ताणलेली जर त्याची भिंत चिरते. त्याचं ऑपरेशन करावं लागलं. म्हणून तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका. तसंच दवाखान्यात न्या.

फुलांमध्ये लिली घरात आणूच नका. गुच्छातली ओरिएंटल, एशियाटिक लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. अंगावर पडलेला पराग चाटला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी पुरतं. मांजर सुरुवातीला बरं दिसतं, म्हणून लक्षणांची वाट न पाहता लगेच सलाईनसाठी न्यायचं. निशिगंध या लिलींपैकी नाही.

पत्रीत कण्हेर, रुई आणि धोतरा असतात. तिन्ही विषारी, त्यात कण्हेर थेट हृदयावर जाते. आम्ही ही पानं पूजेपुरती वाहतो आणि आरती झाली की झाकणाच्या डब्यात ठेवतो, कारण निर्माल्याची उघडी टोपली मांजर हमखास उपसतं. कोकणातल्यांनी 'गौरीचे हात' म्हणतात त्या फुलांकडेही लक्ष ठेवा. ती कळलावीची फुलं, तिच्या कंदात तर विष फार. दूर्वा, गुलाब, जास्वंद निर्धास्त वापरा.

लायटिंगच्या वायरी भिंतीवरच्या पीव्हीसी पट्टीतून न्या आणि झोपताना प्लग काढा. चावताना शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा, मग मनीला हात लावा. ओठांच्या कडेला पांढरट किंवा करपलेला डाग दिसेल. त्यानंतर ती ठीक वाटली तरी दवाखान्यात दाखवा, कारण फुफ्फुसात पाणी काही तासांनीही भरतं आणि धाप तेव्हा लागते. बॅटरीच्या माळा घेणार असाल तर बटण सेलची झाकणं स्क्रूची असलेल्याच घ्या. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.