स्प्लीनच्या प्रश्नात सीटी कुठे लिहायचा

प्रश्न: फायनल एमबीबीएसला आहे. ट्रॉमाचा लाँग क्वेश्चन आला की माहिती असूनही उत्तर विस्कळीत होतं. ए-बी-सी-डी-ई वापरून लिहा म्हणतात, पण म्हणजे नेमकं कसं?

पाच अक्षरं समासात मांडून पुढे पाठ केलेलंच उतरवलं तर फायदा नाही. प्रत्येक अक्षराखाली काय तपासलं, काय सापडलं आणि तिथल्या तिथे काय केलं, एवढं आलं पाहिजे.

आपल्या सीमाभागात गळीत हंगामात येणारा रुग्ण घ्या. रात्री संकेश्वरजवळ दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी मागून आदळली. तरुण शुद्धीवर आहे, नाडी 130, बीपी 80/50, डाव्या खालच्या फासळ्यांवर खरचटलंय, पोट फुगलंय. बाहेर वाहणारा मोठा रक्तस्राव नाही. असता तर तो आधी दाबून थांबवायचा.

ए: स्पष्ट बोलतोय, म्हणजे श्वासमार्ग सध्या मोकळा. मान स्थिर केली, ऑक्सिजन लावला.

बी: दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते, श्वासनलिका मध्यभागी. हे नॉर्मल आहे म्हणून गाळू नका. टेन्शन न्यूमोथोरॅक्सनेही बीपी पडतं, आणि तो असता तर एक्स-रेची वाट न पाहता छातीतली हवा काढावी लागली असती. या एका ओळीने शॉकचं कारण पुढे, रक्तस्रावाकडे सरकतं.

सी: इथे भरपूर लिहा. दोन जाड कॅन्युला, क्रॉसमॅचिंगसाठी रक्त, कोमट सलाईन 1 लिटरपर्यंत आणि लवकर रक्त. अपघाताला 3 तास झाले नसतील तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, 10 मिनिटांत. पेल्व्हिस तपासा. फास्ट सोनोग्राफीत पोटात द्रव दिसला, रक्त देऊनही बीपी वर येत नाही, तर पुढची पायरी लॅपरोटॉमी.

विद्यार्थी असताना मी इथेच चुकलो. 'सीटी करून स्प्लीनच्या इजेची ग्रेड ठरवावी' असं लिहिलं आणि परीक्षकांनी त्या ओळीभोवती लाल गोल काढला. बीपी सावरलेल्या रुग्णालाच सीटीला न्यायचं असतं. आज पेपर तपासताना मी ती ओळ आधी शोधतो, कारण खऱ्या कॅज्युअल्टीत तिची किंमत रुग्ण मोजतो.

डी आणि ई थोडक्यात: जीसीएस, डोळ्यांच्या बाहुल्या, कपडे काढून पाठीसकट तपासणी, मग पांघरूण. टीममधलं दुसरं कुणी हे त्याच वेळी करत असतं, ऑपरेशन त्यासाठी थांबत नाही, हेही एका वाक्यात लिहा.

ग्रेडिंग, बीपी स्थिर असलेल्या रुग्णाला बिनाऑपरेशन कधी ठेवायचं, स्प्लीन काढल्यावर साधारण 14 दिवसांनी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब यांच्या लसी, हे सगळं त्यानंतर. हर्निया किंवा थायरॉइडच्या प्रश्नाला मात्र ही चौकट लावू नका. तिथे हिस्ट्री आणि एक्झामिनेशननेच सुरुवात करा.