तुलनेच्या यादीत वर कोण आणि का

प्रश्न: जांबोटीजवळ राहतो. इन्व्हर्टरसाठी 150 एएचची बॅटरी घ्यायची आहे. किमतींची तुलना करणाऱ्या साइटवर सगळ्यात स्वस्त बॅटरी वर दिसत नाही, "Sponsored" लिहिलेली आधी येते. हे कसं ठरतं? त्या ओळींकडे दुर्लक्षच करावं का?

दुर्लक्ष करू नये. मात्र अशा ओळीचा क्रमांक पहिला आहे म्हणून तिला एक पैशाचाही जास्त मान देऊ नये. मी बेळगावातील एका विद्युत उपकरणांच्या दुकानाची मालाची यादी अशा साइटना पाठवण्याचे काम करतो आणि त्यांच्यावरील जाहिरातींची बोलीही मीच लावतो. त्यामुळे ग्राहकाला यादी ज्या बाजूने दिसते, त्याच्या उलट बाजूने ती मला रोज दिसते.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. तुलना करणारी साइट सहसा स्वतः काही विकत नाही. तुम्ही एखाद्या दुकानाच्या नावावर क्लिक केले की ते दुकान त्या क्लिकचे पैसे साइटला देते, किंवा तुम्ही पुढे जाऊन खरेदी केली तर विक्रीवर कमिशन देते. म्हणजे जिच्यावर "Sponsored" लिहिलेले नाही, ती ओळही बहुतेक वेळा साइटला काही ना काही मिळवून देतच असते. ठळक जागेसाठी जास्तीचे पैसे मोजले गेले आहेत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. किंमत जास्त आहे किंवा माल हलका आहे, असे त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

ही ठळक जागा लिलावाने जाते, पण एपीएमसीतील कांद्याच्या लिलावासारखा हा सरळ लिलाव नव्हे. तिथे सर्वांत मोठी बोली जिंकते. इथे बोलीला क्लिकच्या शक्यतेने गुणले जाते. समजा, एका दुकानाने प्रत्येक क्लिकला 6 रुपये देऊ केले आणि त्याची ओळ शंभर लोकांनी पाहिली तर दोघेच क्लिक करतात. साइटला मिळाले 12 रुपये. दुसऱ्याने 3 रुपयेच देऊ केले, पण त्याचे नाव ओळखीचे आणि किंमत बरी असल्यामुळे शंभरातले पाच जण क्लिक करतात. साइटला मिळाले 15 रुपये. वरची जागा दुसऱ्याला मिळते. प्रत्यक्षातील सूत्रात आणखीही घटक असतात, पण मूळ हिशेब हाच आहे. म्हणूनच प्रायोजित ओळ कधी कधी खरोखरच चांगली निघते: लोक जिच्याकडे वळत नाहीत, ती ओळ नुसत्या पैशाच्या जोरावर वर टिकवणे महाग पडते. अर्थात लोक क्लिक करतात याचा अर्थ ती स्वस्त आहे असा होत नाही. मोठी सवलत दाखवणाऱ्या चित्रावरही लोक क्लिक करतातच.

माझ्या मते खरी काळजी "Sponsored" लिहिलेल्या ओळींची नाही, कारण तिथे निदान पाटी तरी लावलेली असते. काळजी आहे ती खालच्या, जाहिरात न वाटणाऱ्या यादीच्या मूळ क्रमाची. "Recommended" किंवा "Popularity" अशा नावाखाली तो क्रम आपोआप लागलेला असतो, आणि त्यात साइटच्या कमाईचे वजन किती हे पाहणाऱ्याला कळत नाही. याचे उत्तम उदाहरण ट्रिवागो या हॉटेल-दर तुलनेच्या साइटचे आहे. प्रत्येक हॉटेलसाठी वेगवेगळ्या बुकिंग साइटचे दर गोळा करून त्यातील एक दर ती हिरव्या अक्षरांत ठळकपणे पुढे मांडत असे, आणि पाहणाऱ्याला साहजिकच तो सर्वांत स्वस्त वाटे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने खटला भरला, तेव्हा हा ठळक दर निवडताना बुकिंग साइट क्लिकमागे किती पैसे देते याला मोठे वजन दिले जात होते, हे न्यायालयात उघड झाले. कंपनीच्याच आकडेवारीनुसार शंभरपैकी सुमारे 67 नोंदींमध्ये त्याहून कमी दर उपलब्ध असतानाही जास्त दराचीच खोली पुढे केलेली होती. शिवाय शेजारी खोडून दाखवलेला मोठा दर काही वेळा त्याच हॉटेलातील अधिक आलिशान खोलीचा असे, त्यामुळे बचत होती त्याहून मोठी भासे. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने ही ग्राहकांची दिशाभूल ठरवली आणि एप्रिल 2022 मध्ये 4.47 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. स्वस्त दर त्या पानावर होता, पण तो शोधायला आणखी एक बटण दाबावे लागत होते. बहुतेक जण तेवढे करत नाहीत, आणि सारा धंदा त्या न दाबलेल्या बटणावर चालतो.

मग "Price: Low to High" निवडले की प्रश्न सुटला का? अर्धाच. हा क्रम दुकानांनी पाठवलेल्या यादीतील किमतीच्या रकान्यावर लागतो, आणि त्या रकान्यात नेमके काय धरले आहे हे दुकानागणिक बदलते. बॅटरीच्या बाबतीत तर फारच बदलते, म्हणून तुमचेच उदाहरण घेतो. आकडे समजण्यापुरते आहेत, पण असे नमुने मी नेहमी पाहतो.

सर्वांत वर प्रायोजित ओळ आहे: 14,200 रुपये, पोच मोफत. किमतीप्रमाणे क्रम लावल्यावर ती तिसऱ्या क्रमांकावर जाते. पहिली येते ती 11,990 रुपयांची आणि दुसरी 12,600 रुपयांची. आता एकेक उघडून पाहा. 11,990 वाली बॅटरी 150 एएचचीच आहे, पण शॉर्ट ट्युब्युलर, म्हणजे कमी उंचीच्या प्रकारची असून तिची वॉरंटी 36 महिन्यांची आहे. प्रायोजित ओळीतील टॉल ट्युब्युलर आहे आणि तिची वॉरंटी 60 महिन्यांची आहे. या दोन वस्तू एका रांगेत आल्याच कशा? वस्तू जुळवताना साइट बारकोडचा किंवा मॉडेल क्रमांकाचा आधार घेते, आणि दुकानाने ते भरलेच नाहीत तर नावातील शब्दांवरून जोडी लावते. दोघांच्या नावात कंपनी एकच आणि "150Ah" एकच, म्हणून दोन्ही एकत्र बसल्या. मॉडेल क्रमांक अक्षर-अक्षर जुळत नसेल तर ती तुलनाच नव्हे.

60 महिन्यांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ती बहुधा "36+24" अशी लिहिलेली असते. पहिल्या 36 महिन्यांत बिघडल्यास बॅटरी बदलून मिळते. पुढच्या 24 महिन्यांत केवळ नव्या बॅटरीच्या किमतीत ठरावीक सूट मिळते. म्हणून किंमत भागिले महिने असा सरळ भागाकार करणे फसवे आहे.

आता 12,600 वाली. हिचे मॉडेल प्रायोजित ओळीतलेच आहे, तरी 1,600 रुपयांनी स्वस्त. दुकानाच्या पानावर गेल्यावर बारीक अक्षरांत कळते की ही किंमत तेवढ्याच क्षमतेची जुनी बॅटरी परत देण्याच्या अटीवर आहे. जुनी दिली नाही तर 2,000 रुपये जास्त. त्यातच पिन टाकल्यावर पोच-खर्च 450 रुपये निघतो, कारण पन्नास-साठ किलोची वस्तू खानापूरच्या पुढे आणणे कुरियरला परवडत नाही. म्हणजे जुनी बॅटरी न देता हिची खरी किंमत 15,050 रुपये होते. उलट 14,200 ची घेऊन जुनी बॅटरी भंगारात 2,000 रुपयांना विकली, तर खिशातून 12,200 जातात. 12,600 वालीत जुनी देऊनही 13,050 जातात. इथे प्रायोजित ओळच स्वस्त ठरली, आणि किमतीच्या क्रमाने पाहणाऱ्याने तीच टाळली असती.

आपल्या सीमाभागात वारंवार विचारला जाणारा एक उपप्रश्न: विक्रेता पुण्याचा की बेंगळुरूचा, यावरून कर बदलतो का? बदलत नाही. बिलावर आयजीएसटी लागो किंवा सीजीएसटी-एसजीएसटी, एकूण दर सारखाच असतो आणि दाखवलेल्या किमतीत तो धरलेला असतो. कोल्हापूरहून आणलेली बॅटरी करापोटी स्वस्त पडते हा समज जीएसटीनंतर तरी सोडून द्यावा.

या याद्यांची सर्वांत मोठी मर्यादा मात्र क्रमाशी निगडित नाहीच. ज्याने यादी पाठवली नाही किंवा पैसे भरले नाहीत, तो विक्रेता तिथे दिसतच नाही. गणपत गल्लीतील किंवा खानापुरातील डीलर तीच बॅटरी 14,600 ला देऊन जुन्या बॅटरीचे 2,200 वजा करत असेल, तर 12,400 मध्ये ती घरी बसवूनही मिळते. पण "सर्वांत कमी किंमत" या शब्दांत त्याची मोजदाद झालेली नसते.

कायद्याचा आधार थोडा आहे. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार मार्केटप्लेसने वस्तूंचा आणि विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो आणि त्यांचे सापेक्ष महत्त्व काय, हे साध्या भाषेत जाहीर करणे बंधनकारक आहे. फक्त तुलना दाखवून दुसरीकडे पाठवणारी साइट या व्याख्येत कितपत बसते, यावर वाद घालायला जागा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र जाहिरात वेष पालटून दाखवणे आणि खर्च शेवटच्या पानावर हळूच उघड करणे, या दोन्ही गोष्टी निषिद्ध प्रकारांत घातल्या आहेत. तुलना-साइटच्या तळाशी "How we rank" किंवा "About our results" अशा नावाचा दुवा असतो; तो एकदा वाचा. त्यात "भागीदारांकडून मिळणारा मोबदला क्रमावर परिणाम करू शकतो" अशा अर्थाचे वाक्य असले, तर वरच्या दहा ओळींकडे जाहिरात म्हणूनच पाहावे.

तुमच्यासाठी प्रत्यक्ष क्रम असा सुचवतो. साइट उघडताच आधी जांबोटीचा पिन टाका. काही ओळी तिथेच गळतील. मग हवे ते मॉडेल पक्के करून त्याच क्रमांकाने पुन्हा शोध घ्या आणि प्रायोजित ओळींसह जुळणाऱ्या तीन-चार ओळी उघडा. प्रत्येकीत पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन तिथली एकूण रक्कम लिहून घ्या, जुन्या बॅटरीची अट वेगळी नोंदवा आणि एखाद्याच बँकेच्या कार्डावरील सूट, ते कार्ड तुमच्याकडे नसेल तर, धरू नका. साइटवरील किंमत दुकानाच्या किमतीपेक्षा काही तास मागे असू शकते, कारण यादी ठरावीक वेळानेच ताजी होते. थोडा फरक दिसला तर ती लबाडीच असेल असे नाही. शेवटच्या पानावर आधी न सांगितलेला खर्च उगवला, तर तारखेसह दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करताना तेच उपयोगी पडतात.