श्रद्धांजली सभेत तीन मिनिटं काय बोलावं?

प्रश्न: रविवारी इंदूरला आमच्या मंडळाची श्रद्धांजली सभा आहे. आमच्या काकू एमवाय हॉस्पिटलात बाहेरगावच्या रुग्णांना मदत करायच्या. मला तीन मिनिटं बोलायचंय. खोटी स्तुती नको, पण कोरडंही वाटू नये. कसं लिहू?

उत्तर: सावकाश बोललं तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द होतात. अशा वेळी गळा दाटतो, माणूस थांबतो, म्हणून कागदावर अडीचशेच ठेवा. जन्म, शिक्षण, नोकरी हे बहुधा शोकप्रस्तावात येतं. तो कोण वाचणार आहे त्यांना आधी विचारा, नाहीतर सभेला तेच दोनदा ऐकावं लागतं. तुम्ही त्यांचं एकच काम घ्या आणि काकू ते कसं करायच्या एवढंच सांगा.

'हजारो रुग्णांना नवजीवन दिलं' असं म्हटलं की समोर बसलेली घरची माणसंच अवघडतात. उपचार डॉक्टरांनी केले. काकूंनी काय केलं? नमुन्यादाखल लिहितो, तपशील तुमचे खरे घाला:

"झाबुआ-खरगोनहून पहिल्यांदा एमवायला आलेल्या माणसाला पर्ची कुठे काढायची तेही कळत नाही. काकू त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत चालत जायच्या. त्याच्या पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावून द्यायच्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायच्या. पर्ची हरवली की रागवायच्या, आणि मग दुसरी काढायला स्वतःच रांगेत उभ्या राहायच्या."

ते रागावणं ठेवाच, फक्त घरच्यांना आधी वाचून दाखवा. माणूस ओळखू येतो तो अशाच गोष्टींतून. 'प्रेमळ, निःस्वार्थी, कर्मयोगी' ही विशेषणं कुणालाही चिकटतात.

काम कधी सुरू झालं ते घरी विचारा आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीलाही. दोघांची सालं जुळली नाहीत तर साल टाकू नका, 'धाकटी शाळेत जायला लागल्यापासून' असं सांगितलेलं चालतं. रुग्णांचा आकडा वही असेल तरच द्या. कुणा रुग्णाचं नाव किंवा आजार परवानगीशिवाय नको, तो माणूस सभागृहात बसलेला असला तरी.

आणखी एक, जे आपल्या इंदुरी मराठी सभांत हमखास राहून जातं. काकूंनी ज्यांना मदत केली त्यातले बरेचजण मागच्या खुर्च्यांवर असतील आणि त्यांना मराठी येत नसेल. वरच्यासारखा परिच्छेद हिंदीत बोला, बाकीचं मराठीत. त्यासाठी अर्धं मिनिट मराठीतून कापावं लागलं तरी कापा.

शेवटी 'त्यांचं कार्य आम्ही पुढे नेऊ' हे कुणी खरंच अंगावर घेतलं असेल तरच म्हणा. घेतलं असेल तर कोण, कोणत्या वारी, कुठे भेटेल तेही सांगा. नसेल तर काकूंना नमस्कार करून खाली बसा. स्तब्धतेची सूचना अध्यक्ष देतील.