आजीचं मशीन डब्यात का गेलं?

"सासूबाईंना दिवाळीत कानाचं मशीन घेऊन दिलं. वय ७४. पंधरा दिवस घातलं, मग डब्यात टाकलं. ‘नुसता कलकलाट ऐकू येतोय, पोरांचं बोलणं काय कळत नाही,’ म्हणतात. नातवंडं आता त्यांच्याजवळ जातच नाहीत. पैसे वाया गेले म्हणायचे काय?"
– खानापूर तालुक्यातील एक सून

मशीन विकायची घाई करू नका. अशीच एक आजी सल्ल्यासाठी आली होती. तीही त्याच पट्ट्यातली, भातशेतीच्या घरातली. नातू नऊ वर्षांचा, नात पाच वर्षांची. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून तिची हकिकत सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे.

घरच्यांची तक्रार होती, "हिला सगळं ऐकू येतं, पण सोयीचं तेवढंच." गोठ्यात म्हैस ओरडली की ती उठायची, रस्त्यावरून बस गेलेली तिला कळायची, आणि समोर बसलेल्या नातवाचं बोलणं मात्र नाही. आजी ढोंग करत नव्हती. तिच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, जाड, खालच्या पट्टीचे आवाज (२५० आणि ५०० हर्ट्झ) ३५ डेसिबलला ऐकू येत होते. २००० हर्ट्झला ६० डेसिबल लागत होते आणि ४००० ला ७०. म्हातारपणाचा बहिरेपणा बहुधा असाच वरच्या पट्टीकडून येतो.

बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, त, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच दुबळी असतात. त्यामुळे ‘सात’, ‘हात’, ‘भात’ या तिन्हींमधला ‘आ’ आजीच्या कानात पोचतो, पण शब्द कोणता ते कळत नाही. ‘शाळा’ तिला ‘आळा’ ऐकू येते. म्हणून ती म्हणते, "येतंय ऐकू, कळत नाही." त्यात पोरांचा आवाज बारीक, बोलणं भरभर, आणि आपल्याकडे एका वाक्यात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही. घरात पोरांचं बोलणं सगळ्यात आधी हरवतं ते यामुळे.

मग पोरगं ओरडतं. ओरडण्याने स्वर आणखी फुगतात, व्यंजनं होती तशीच राहतात. शिवाय अशा कानाला बारीक आवाज ऐकूच येत नाही, पण आवाज थोडा वाढला की तो एकदम बोचायला लागतो. "कशाला वरडायलास रे?" असं आजी खेकसली की नातू रुसून निघून जातो. सहा महिने हे चाललं होतं.

मशीन कानामागचं होतं आणि चांगलं होतं. बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये रोजच्या वापराची नोंद राहते. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाने, ते कॉम्प्युटरला जोडून पाहिलं, तर दिवसाला सरासरी वीस मिनिटं! तेवढ्या वापरावर कुणाचाच कान बसत नाही. पण आजीने ते का काढून ठेवलं, हेही बघायला हवं होतं. तीन कारणं सापडली.

पहिलं, उजव्या कानात मळाचा बोळा होता. मळ काढल्याशिवाय मोल्डचं, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याचं, माप घेऊ नये आणि तपासणीही करू नये. इथे दोन्ही तशीच उरकली होती. दुसरं, मोल्ड नीट बसत नव्हता. तो आत सरकवून किंचित मागे फिरवावा लागतो. अर्धवट बसला की मशीनचा आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. आजीची शिट्टी डोक्यावर पदर घेतला की हमखास वाजायची, कारण कानावर कापड आलं की बाहेर पडलेला आवाज त्यावर आपटून माईककडे परततो. देवपूजेला बसली की शिट्टी सुरू. तिला वाटलं मशीन बिघडलं. पदर कानामागे खोचायला सांगितल्यावर आणि मोल्ड नव्या मापाचा केल्यावर ते थांबलं.

तिसरं कारण मोठं. ऑडिओग्राम सांगतो तेवढा वरच्या पट्टीचा आवाज पहिल्याच दिवशी पूर्ण सोडला होता. कित्येक वर्षं ते आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नव्हते. एकदम ताट-वाट्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राची घडी सगळं अंगावर आलं. तिचा ‘कलकलाट’ तो हाच. ऑडिओलॉजिस्टने वरची पट्टी उतरवली आणि पुढच्या तीन फेऱ्यांत थोडी थोडी वाढवली. शब्द ओळखायची चाचणीही आता मराठी शब्दांवर घ्यायला लावली. आधीची कन्नडमध्ये झाली होती. आजीला बाजारापुरतं कन्नड येतं, पण तेवढ्यावर तिचा कान जोखता येत नाही.

मग घरचा क्रम ठरवला. पहिला आठवडा सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, शांत खोलीत, टीव्ही बंद, स्वयंपाकघरात जायचं नाही. त्या वेळात घड्याळ, पंखा, पावलं असे आवाज ओळखायचे. दुसऱ्या आठवड्यात एकटा नातू. त्याने पाटीवर ‘सात, हात, भात’ असे सारखे वाटणारे शब्द लिहायचे, पाटी उलटी धरून एक वाचायचा आणि आजीने ओळखायचा. सुरुवातीला दहातले चार जमले, आठवड्याअखेर सात. तिसऱ्या आठवड्यात नातही आली आणि वेळ चार तासांवर गेला. सगळ्यांचं एकत्र जेवण त्याच्याही नंतर, कारण स्टीलच्या भांड्यांच्या आवाजात बोलणं वेचणं सगळ्यात अवघड.

पोरांना तीनच गोष्टी शिकवल्या. आधी "आज्जी" म्हणायचं आणि तिने बघेपर्यंत थांबायचं. हातभर अंतरावर, तोंडावर उजेड येईल असं बसून नेहमीच्या आवाजात सावकाश बोलायचं. आणि कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलायचे: "शाळेला सुट्टी" कळलं नाही तर "उद्या घरीच आहे मी." मोठ्यांना हे शिकायला जास्त वेळ लागतो. ते मागच्या खोलीतूनच हाक मारतात.

मशीनची देखभाल नातवाकडे दिली. या मशीनला १३ नंबरची, नारिंगी स्टिकरची बॅटरी लागते. स्टिकर काढला की ती हवेवर चालू होते, म्हणून मिनिटभर उघडी ठेवून मग घालायची. स्टिकर एकदा निघाला की मशीन वापरा अगर नका वापरू, बॅटरी संपत जाते. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. पावसाळ्यात नळीत दवाचा थेंब साठतो आणि आवाज मध्येच तुटतो, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत. जुन्या बॅटऱ्या मात्र मोठ्यांनी मोजून ताब्यात घ्यायच्या. पाच वर्षांच्या पोरीने गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते, लगेच दवाखाना गाठावा लागतो.

दोन महिन्यांनी वापराची नोंद दिवसाला सहा तासांवर होती. जत्रेत आणि लग्नाच्या मांडवात तिला अजूनही बोलणं कळत नाही, तिथे ती मशीन काढून ठेवते, आणि ते ठीकच आहे. नात कानाशी येऊन कुजबुजते तेही पोचत नाही. फोन मात्र जमला. तो कानाच्या भोकाशी नाही, तर कानामागे वर, माईकजवळ धरायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही आधी कान तपासून मळ काढून घ्या, मग मशीन घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि वापराची नोंद बघायला सांगा. कानातून पाणी येत असेल, चक्कर येत असेल, किंवा एकाच कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर मशीनचा विचार नंतर. अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.