नकार आला तरी आभाराचा मेल आजच जाऊ दे

प्रिय बाळा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. अडीच महिने, सहा फेऱ्या, त्यातली एक शनिवारी, आणि शेवटी दोन ओळींचा मेल: दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. त्यावर तुझा प्रश्न, "मावशी, आता त्या रिक्रूटरचे आभार कशाबद्दल मानू? लाचारी नाही का दिसणार?"

नाही दिसणार. आभार मान, आणि आजच मान.

तुला नाकारलं ते तिने नाही. निर्णय हायरिंग मॅनेजर आणि पॅनेल घेतात. पॅनेलमधल्या माणसांच्या वेळा जुळवणं, त्यांनी ऐनवेळी फेरी रद्द केली की तुझी नाराजी ऐकून घेणं, रखडलेला फीडबॅक मागे लागून मिळवणं, हे तिचं काम. मध्यंतरी जागा होल्डवर गेली तेव्हा तिने फोन करून खरं काय ते सांगितलं, हे तूच मला कौतुकाने म्हणाला होतास. अशा वेळी कित्येक जण फोनच उचलत नाहीत. आभार त्या फोनचे मानायचे, निकालाचे नव्हे.

आता या क्षेत्रात इतकी वर्षं भरती करून जे कळलं ते सांगते. आपल्याकडे आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. म्हणजे ज्याची निवड झाली तो आज ऑफर स्वीकारतो आणि तीन महिन्यांनी रुजू होतो, किंवा होतच नाही. मधल्या काळात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून देते, नाहीतर तो तीच ऑफर दाखवून तिसरीकडून जास्त मिळवतो. रुजू व्हायच्या आठवड्यात फोन बंद करून बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्या दिवशी रिक्रूटरवर नवी शोधमोहीम काढायची पाळी येते, आणि तिची पहिली नजर जाते ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेल्या नावांवर.

हिंजवडीतल्या एका टेस्टिंगच्या जागेसाठी असंच झालं होतं. निवडलेला मुलगा आयत्या वेळी फिरला. यादीत मागे दोघं होते, मॅनेजरच्या लेखी दोघंही सारखेच. एकाने नकारानंतर मला फणकाऱ्याचा मेल टाकला होता, "माझा वेळ फुकट घालवलात." दुसरी नाशिकची मुलगी. तिने चार ओळींत आभार मानले होते. मी तिला आधी फोन केला. ती आली, टिकली. तो मुलगा गुणी होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण मॅनेजरसमोर त्याच्यासाठी शब्द टाकायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. उमेदवाराच्या नोंदीत शेरे राहतात, बाळा. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज केलास की नवी रिक्रूटर आधी तेच वाचते.

कुणी म्हणेल, ही तर हिशेबी माणुसकी. मला नाही पटत. मला अर्धाच तास भेटलेल्यांचेही मी आभार मानत आले, नोकरी मिळाली तेव्हाही, नाही मिळाली तेव्हाही. पुढे त्याचा उपयोग झाला म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता मेल. नवा लिहू नकोस. ज्या मेलमध्ये नकार आला त्यालाच उत्तर दे, म्हणजे जागेचा क्रमांक आणि आधीचा सगळा पत्रव्यवहार तिच्यासमोर राहतो. पाच ओळी पुरेत. कळवल्याबद्दल आभार. मग एकच नेमकी गोष्ट: जागा होल्डवर असताना तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत, त्यामुळे मला ताटकळत राहावं लागलं नाही. पॅनेलमधल्या मंडळींनाही धन्यवाद कळवा. पुढे जुळणारी जागा निघाली तर मला आवडेल. खाली नाव आणि फोन.

बस. "पुन्हा विचार करता येईल का" हे नको. "मी कुठे कमी पडलो" हेही या मेलमध्ये नको. ते विचारलंस की आभार मागणीची प्रस्तावना होऊन बसतात. फीडबॅक हवाच असेल तर तिचं उत्तर आल्यावर वेगळा विचार. आणि ती "आवडलं असतं तुमच्यासोबत काम करायला" छापाची, कुणालाही पाठवता येतील अशी वाक्यं मला दाखवूसुद्धा नकोस! नेमकी गोष्ट नसेल तर तो मेल कुणाच्याच लक्षात राहत नाही.

यामुळे निर्णय बदलणार नाही, हे धरूनच पाठव. ती कदाचित उत्तरही देणार नाही. त्यांच्याकडे एकाच वेळी कितीतरी जागा उघड्या असतात. तरी पाठव.

दुसऱ्या कंपनीची शेवटची फेरी गुरुवारी आहे ना? तिथून ऑफर आली आणि तुला नाकारायची असेल तर तिथल्या रिक्रूटरला आधी फोन कर, मेल नंतर. तिनेही तुझ्यासाठी तेवढेच खेटे घातलेत. आणि आजचा मेल संध्याकाळी सहाच्या आत जाऊ दे, लोक कामावर असतानाच.

तुझी,
मावशी