सळई घ्यायची आणि लगेच परत विकायची: हा सौदा करावा का?

प्रश्न: आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. हंगामाआधी खतं, फवारणी आणि मजुरीसाठी 5 लाख लागतात. व्याजाचं कर्ज मी घेत नाही. ओळखीचे एक बांधकाम साहित्याचे व्यापारी म्हणतात, "6 लाखांची सळई उधारीवर घ्या, तीच मला लगेच 5 लाखांना विका आणि 50 हजारांचे 12 हप्ते भरा." आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. शाफईत हे चालतं, असं त्यांचं म्हणणं. करू का?

उत्तर: माझ्या मते करू नका. व्यापाऱ्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, पण त्यांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

या व्यवहाराला फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शास्त्रात, बै-अल-ईना म्हणतात आणि त्यावरचा वाद फार जुना आहे. एका रिवायतीनुसार, म्हणजे परंपरेने सांगत आलेल्या कथनानुसार, एका बाईंनी पैगंबरांचे सहकारी झैद बिन अरकम यांना 800 दिरहमला उधारीवर गुलाम विकला आणि तोच 600 रोख देऊन परत घेतला. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी विक्री आणि खरेदी दोन्हींना वाईट म्हटलं. गुलाम होता तिथेच राहिला. झैद यांना आज 600 मिळाले आणि पुढे 800 देणं लागलं. तुमच्या सौद्यात गुलामाच्या जागी सळई आहे, बाकी मांडणी तीच.

इमाम मालिक यांच्या मजहबाने, म्हणजे फिकहच्या परंपरेने, असे सौदे ज्या तत्त्वावर बंद केले, ते सद्द-ए-जराए, म्हणजे हानीकडे नेणारी वाट आधीच अडवणं. एखादी कृती स्वतः जायज असली, तरी ती लोकांना सर्रास हरामकडे नेत असेल, तर तीही रोखायची. पण प्रत्येक वाट अडवायची नसते. मालिकी विद्वान कराफी (मृत्यू 1285) यांनी तीन गट केले. रस्त्यात लोक पडतील अशी विहीर खणणं सगळ्यांनाच अमान्य. द्राक्षांची दारू होऊ शकते म्हणून द्राक्षं लावूच नयेत, असं मात्र कुणीच म्हणत नाही. खरा वाद मधल्या गटावर आहे आणि त्याचं ठळक उदाहरण म्हणजे उधारीच्या विक्रीला जोडलेली परतखरेदी. इथे मालिकींचा कस असा: विकणाऱ्याच्या मनात काय होतं हे सिद्ध करत बसायचं नाही, असे सौदे बहुतेक वेळा व्याज लपवायला वापरले जातात, एवढं पुरे. या तत्त्वावर सर्वाधिक भिस्त मालिकींची. त्यांच्या पाठोपाठ हंबली; त्यांच्यातल्या इब्न कय्यिम (मृत्यू 1350) यांनी त्यासाठी 99 दाखले दिले. अबू हनीफांनी सगळी किंमत हाती येण्याआधी तीच वस्तू कमी भावाने परत घेणं नाकारलं, पण हनफी हे तत्त्व मालिकींइतकं दूर नेत नाहीत. शब्दशः अर्थ धरणाऱ्या जाहिरी परंपरेतले इब्न हज्म यांनी ते साफ नाकारलं.

आता तुमचे इमाम. शाफईंनी वरची रिवायत पक्की मानली नाही. त्यांचा मुद्दा असा की करार त्याच्या बाह्य रूपावरून जोखायचा. संशयावरून किंवा लोकांच्या सवयीवरून तो रद्द होत नाही. कुणी खून करायच्या इराद्याने तलवार विकत घेतली, तर इरादा वाईट, पण खरेदी वैध. याच विचारामुळे शाफई मजहबाच्या मलेशियात ईना बँकांपर्यंत पोचली आणि आखाती देशांनी ती स्वीकारली नाही. तुमचे व्यापारी याच भिंतीला टेकून बोलत आहेत.

पण त्या परवानगीला अटी आहेत आणि नेमक्या त्यांवरच हा प्रस्ताव अडतो. परत विकण्याची अट पहिल्या करारात घातली, तर शाफईंच्या मतेही सौदा बातिल होतो. माल ताब्यात घेण्याआधी तो पुढे विकणंही त्यांना मान्य नाही. म्हणून त्यांच्याकडून कागद मागवा आणि वाचा. 6 लाख, 5 लाख आणि हप्ते एकाच कागदावर असतील, तर उत्तर तिथेच मिळालं. दोन स्वतंत्र करार असतील, तर सळई खरोखर तुमच्या आवारात उतरली पाहिजे आणि ती परत घ्यायचं बंधन त्यांच्यावर नसलं पाहिजे. मग उद्या ते साडेचार लाखच देतो म्हणाले, तर तो तोटा तुमचा. शिवाय सळई प्रत्यक्षात न देता नुसतं बिल फाडलं, तर तो जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे.

आता आकडे. 5 लाखांवर 1 लाख जास्त, म्हणजे 20 टक्के, असं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे खरा दर महिन्याला साधारण 2.9 टक्के, वर्षाला 35 टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यात हप्त्यांची वेळ तुमच्या बागेशी जुळत नाही. नोव्हेंबरात पैसे घेतले तर डिसेंबर ते मार्च चार हप्ते जातील. म्हणजे आंब्याचा मुख्य पैसा यायच्या आधीच 2 लाख परत गेलेले असतील, तेही ऐन मजुरीच्या दिवसांत.

मी तुमच्या जागी असतो तर गरजेचे दोन भाग केले असते. समजा खतं, औषधं आणि पेट्यांचे 2 लाख आहेत. हा माल कृषी दुकानातून थेट उधारीवर घ्या, ठरलेल्या जास्त किमतीला, समजा 2 लाख 15 हजारांना, मेअखेर एकरकमी द्यायच्या बोलीवर. उधारीसाठी जास्त किंमत लावणं चारही मजहबांत चालतं, कारण माल तुम्ही वापरता आणि तो दुकानदाराकडे परत जात नाही. फक्त उशीर झाला तर रक्कम वाढेल, असं कलम घालू देऊ नका.

मजुरीच्या 3 लाखांसाठी सलम, म्हणजे पुढे द्यायच्या मालाची आगाऊ विक्री. समजा 150 पेट्या 2,000 रुपयांनी. पूर्ण रक्कम करारावेळीच हाती आली पाहिजे आणि प्रत, वजन, तारीख, ठिकाण ठरलेलं हवं. एप्रिलमध्ये भाव 2,250 निघाला तर तुम्हाला हे पैसे 37,500 रुपयांना पडले. 1,800 वर घसरला तर नुकसान घेणाऱ्याचं. यात धोका एकच, पण मोठा आहे. सलम ठरावीक झाडांच्या फळावर करता येत नाही, म्हणून तुमचा मोहोर गळला तरी 150 पेट्या बाजारातून घेऊन द्याव्या लागतील. वाईट वर्षातही निघेल एवढ्याच मालावर सलम करा. तेवढ्यात 3 लाख बसत नसतील, तर उरलेल्यासाठी घरातलं थोडं सोनं विकणं मला या सळईपेक्षा बरं वाटतं.

वाशीचे अडते देतात ती उचल मात्र सलम समजू नका. "उचल घ्या, पण सगळा आंबा माझ्याच गाळ्यावर, माझ्या कमिशनने" ही अट कर्जाला विक्री बांधते आणि ते चारही मजहबांनी नाकारलं आहे. सलमचा कागद तयार झाला की सही करण्याआधी तो शाफई फिकह जाणणाऱ्या आलिमांना दाखवा. दीनाबाबत शेवटचा शब्द त्यांचा, माझा नाही.